बाईसाहेबांचे चौतीस दिवस

आमच्या मोठ्या दिरांना सगळे नंबरवाले म्हणतात. तीस वर्षं त्यांनी लोकरीच्या गोदामात प्रतवारी केली. गठ्ठा फोडायचा, चिमूटभर लोकर अंगठा आणि बोटामध्ये फिरवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. गोदाम सुटलं, पण बोटं काही सुटली नाहीत. दवाखान्यात डॉक्टर त्यांची नाडी बघत होते तेव्हा हे डॉक्टरांच्या स्वेटरची बाही चोळत होते. नाडी ठीक निघाली. स्वेटर तीन नंबर निघाला, आणि तसं डॉक्टरांना तोंडावर सांगून झालं.

लग्न त्यांनी केलं नाही. मनासारखं स्थळ आलं नाही, असं ते सांगतात. माझ्या मते स्थळांनीही थोडीफार प्रतवारी केली असणार, पण तो विषय आमच्या घरात निघत नाही. घर एकच आहे. पुढच्या दोन खोल्यांत मी आणि आमचे हे, मधलं स्वयंपाकघर सगळ्यांचं, मागची खोली भाऊजींची, आणि त्यांच्या खोलीचं दार थेट मागच्या गोठ्यात उघडतं. गोठ्यात सात मेंढ्या आहेत. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, आमच्या भाऊजींनी मेंढ्या आणल्या. तीस वर्षं दुसऱ्यांची लोकर पाहिली, आता स्वतःच्या अंगणात एक नंबर पिकवून दाखवणार, असा त्यांचा पण होता.

मी परिचारिका. सरकारी रुग्णालयात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मेडिसिनच्या वॉर्डात. त्यामुळे गल्लीत मला सगळे सिस्टर म्हणतात, आणि सगळे म्हणतात म्हणून सख्खे दीरही मला सिस्टर म्हणतात. पहिल्यांदा खटकलं. मग लक्षात आलं, की हा माणूस बायकांशी बोलताना इतका बावरतो की हुद्दा मिळाल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

सात मेंढ्यांत एक बाईसाहेब. नाव ठेवलं नव्हतं, ते आपोआप पडलं. तिची लोकर म्हणजे भाऊजींच्या आयुष्याचं सार्थक. ती आधी खायची, मग बाकीच्यांनी खायचं. ती दारात उभी राहिली, तर भाऊजी खिडकीतून जायचे. मागच्या दोन्ही वेळा तिला जुळी झाली होती. दुसऱ्या खेपेची पिल्लं दूध तोडून वेगळी झाल्यावर भाऊजींनी तिला असं काही खाऊ घातलं, की पाठीवरून हात फिरवला तर कणा लागेना. मी म्हटलं, "भाऊजी, हिला मेंढी म्हणायचं की गादी?" त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता मिळाली.

यंदा तिच्यासाठी पैदास केंद्रातून खास मेंढा मागवला होता. नंबर लागायला महिने गेले. मेंढा येणार ही बातमी भाऊजींनी गोदामातल्या जुन्या सोबत्यांना कळवली, मोठ्या साहेबांना तर पत्र लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, कोकरं झाली की कळवा, बघायला येतो. ते पत्र भाऊजींनी उशीखाली ठेवलं. मेंढा आला, चार दिवस राहिला, सगळ्या मेंढ्यांकडे बघून गेला. तो आला त्या दिवसापासून मी गोठ्याच्या भिंतीवर तक्ता लावला. दिवस पहिला, दिवस दुसरा. मला तक्त्याशिवाय काही सुचत नाही, ती वॉर्डाची सवय आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षी समजावून सांगितलं होतं, की मेंढी साधारण पाच महिन्यांनी विते, म्हणजे एकशे सत्तेचाळीस दिवस धरा, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवा, कारण पिल्लांची खरी वाढ तेव्हाच होते. मी तक्त्यावर एकशे पाचव्या दिवशी लाल रेघ मारली. तोपर्यंत सुका चारा, तिथून पुढे रोज मोजून धान्य.

पण साधारण नव्वदावा दिवस उलटला आणि भाऊजी चोरून धान्य देताना सापडायला लागले. कधी खिशातून मूठभर, कधी टोपीतून. मी पकडलं की म्हणायचे, "सांडलं होतं, सिस्टर." टोपीत? मी म्हटलं, "अजून लाल रेघ यायची आहे. आधीच ती फुगली आहे, तुमच्या लाडाने ती मरेल." ते तोंड उघडायचे, परत मिटायचे. शेवटी मी धान्याच्या पिंपाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे इथे सांगून टाकते. वॉर्डात पथ्य मोडणाऱ्या नातेवाइकांचे डबे मी असेच काढून घ्यायचे.

तक्त्यावर एकशे नववा दिवस होता. खुराक सुरू होऊन चौथा दिवस. सकाळी पाटीत धान्य ओतलं, सहाजणी धावल्या, बाईसाहेब कोपऱ्यातच. भिंतीला कपाळ टेकवून उभ्या. मी म्हटलं, आज काय रुसवा? जवळ गेले तरी कान हलेना. डोळ्यासमोर हात फिरवला, तर पापणी लवली नाही. दात करकर वाजत होते. कालची लेंडी पाहिली, चार-दोन, वाळकी, बारीक.

भाऊजी धावत आले. पायात एकच चप्पल होती. त्यांनी तिच्या अंगावरून हात फिरवला, लोकर बोटांत धरली आणि म्हणाले, "लोकर तर एक नंबर आहे."

"लोकरीला काय करायचंय? तिच्याकडे बघा!"

मी तिच्या तोंडाजवळ वाकले, आणि मला तो वास आला. गोडसर, फार पिकलेल्या फळासारखा, नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा. छत्तीस वर्षांत तो वास मी शेकडो वेळा घेतला होता. साखरेचा रुग्ण इंजेक्शन चुकवून बेशुद्धीच्या वाटेवर आला, की खाटेपासून चार पावलांवर मला कळायचं. डॉक्टर यायच्या आधी मी सलाईन जोडून तयार असायची.

"भाऊजी, वास येतोय?"

त्यांनी नाक तिच्या नाकाला लावलं. "मेंढीचा येतोय."

"गोड वास?"

"नाही बुवा." आयुष्यभर चारा हुंगून त्याची जात सांगणारा हा माणूस! नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की काही जणांना हा वास जन्मतःच येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. तेव्हा मात्र मी म्हटलं, "तुमचं नाक नुसतं शोभेला आहे," आणि जाहीर केलं, "हिची साखर वाढली आहे."

भाऊजी स्वयंपाकघरात गेले आणि तांब्याभर साखरेचं पाणी घेऊन आले. त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, की गळून गेलेल्या जनावराला गोड द्यावं. मी तांब्या हिसकावून घेतला आणि पाणी मोरीत ओतलं. "साखर वाढलेल्याला साखर पाजता? मारायची आहे का तिला?" ते रडवेले झाले. मी आपली ताठ.

आमच्या ह्यांना साखर आहे, त्यामुळे घरात बोट टोचून साखर मोजायचं यंत्र असतं. ते आणलं. बाईसाहेबांच्या कानाच्या कडेला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. आता तीनशे येणार की चारशे, एवढाच प्रश्न होता. आकडा आला चोवीस.

मी यंत्र झटकलं. नवी पट्टी, नवा थेंब. पुन्हा चोवीस. यंत्र बिघडलं म्हणून मी आतून ह्यांना हाक मारली, ते दाढी करत होते, तशाच साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले. त्यांना काही कळायच्या आत मी त्यांचं बोट टोचलं. एकशे अडुसष्ट. काल जेवताना काय खाल्लं होतं ते त्यांनी तिथेच कबूल केलं, ते वेगळं. पण यंत्र ठणठणीत होतं.

म्हणजे वास खरा, आणि साखर तळाला. छत्तीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं झालं. मी मोरीकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मी बोलतच होते, तेवढ्यात बाईसाहेबांचे पुढचे पाय दुमडले आणि त्या खाली बसल्या.

डॉक्टरीणबाई निघाल्या, पण आमच्याच वळणावर त्यांच्या स्कूटरचं चाक बसलं. बसलं तेही टायरवाल्याच्या दुकानासमोर. टायरवाला म्हणजे आमचा पलीकडचा शेजारी, मागची भिंत दोघांची सामाईक. त्याच्याकडे एक मेंढा आहे, राठ केसांचा, एका डोळ्याभोवती काळा डाग असलेला. दुकानामागे जुन्या टायरांच्या ढिगावर चढून बसतो. भाऊजी त्याला गोणपाट म्हणतात. टायरवाल्याला नाही, मेंढ्याला. पण टायरवाल्याने ते मनाला लावून घेतलं होतं, आणि दोघांचं बोलणं भिंतीवरून खोकण्यापुरतं उरलं होतं. त्या दिवशी मात्र त्याने दुकान तसंच उघडं टाकलं, डॉक्टरीणबाईंना आपल्या गाडीवर बसवलं आणि पेटी हातात घेऊन थेट गोठ्यात आला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, काळजीने घातली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. बोलतात हळू, हात झपाझप चालतात. त्यांनी यंत्रातला आकडा पाहिला. "चांगलं केलंत सिस्टर. मेंढीला पन्नासच्या वर हवी. आता लघवी तपासू."

"ती कशी मिळणार?" मी विचारलं. आमच्याकडे निदान रुग्णाला सांगता तरी येतं.

त्यांनी टायरवाल्याकडून बाईसाहेबांना आधार देऊन उभं करवलं, माझ्या हातात वाटी दिली आणि स्वतः मेंढीचं तोंड आणि नाकपुड्या अलगद दाबून धरल्या. मोजून पंधरा-वीस सेकंद. वाटीत धार पडली. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं ऐकत आले होते. मेंढीचं वेगळंच उघडतं हे निवृत्तीनंतर शिकले. त्यांनी लगेच नाक सोडलं आणि पट्टी बुडवली. फिकट पट्टी बघता बघता गडद जांभळी झाली.

"कीटोन भरपूर. हा गाभण मेंढ्यांचा आजार आहे, जुळी असली की जास्त," त्या म्हणाल्या. सलाईनची तयारी करता करता त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवसांत पोटातली दोन पिल्लं आईच्या रक्तातली साखर ओढत राहतात. आईने दुप्पट खायला हवं, पण पिल्लांनीच जागा अडवलेली असते, चारा मावत नाही. मग शरीर साठवलेली चरबी जाळायला काढतं. थोडी जाळली तर चालतं. एकदम भाराभर जाळली, की यकृत चरबीने भरतं आणि ती अर्धवट जळालेली चरबी कीटोन होऊन रक्तात साचते. तोच तो गोड वास. लठ्ठ मेंढीला याचा धोका अधिक.

"पण माझ्या रुग्णांमध्ये..."

"तुमच्या रुग्णांच्या रक्तात साखर असते, पण ती पेशींना घेता येत नाही. इथे साखरच नाही. उपाशी दोघेही. म्हणून वास एक."

"आणि ते साखरेचं पाणी मी ओतून दिलं," मी म्हटलं. मनात ठेवणं मला जमत नाही.

"त्याने फार काही झालं नसतं. मेंढीच्या पोटातले जंतूच साखर खाऊन टाकतात, रक्तापर्यंत फारशी पोचत नाही. जास्त पाजली तर पोट आंबतं." भाऊजींचा चेहरा जरा उजळला होता, तो परत पडला. मला उगाच बरं वाटलं.

मानेवरची लोकर कातरायची होती. भाऊजींनी स्वतः कातर घेतली. ज्या लोकरीला त्यांनी कुणाला हातही लावू दिला नव्हता, ती त्यांनी तळहाताएवढी कापून काढली आणि जमिनीवर टाकली. शीर मी धरून दिली. डॉक्टरीणबाईंनी आधी घट्ट ग्लुकोज अगदी सावकाश दिलं, कारण ते शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. मग पातळ ग्लुकोजची बाटली लावली. टांगायला खिळा नव्हता, टायरवाल्याने बाटली हातात धरली आणि हात वर करून उभा राहिला. कातडीखाली कॅल्शियम, स्नायूत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. पाऊण तासाने बाईसाहेबांनी पापणी लववली. मी भाऊजींना ढोसलं. त्यांनीही पाहिलं होतं.

"हे टिकणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाटली संपली की साखर पुन्हा उतरेल, कारण ओढणारे आत बसले आहेत. तोंडावाटे प्रॉपिलिन ग्लायकॉल देऊ, दिवसातून दोनदा. यकृत त्याची साखर बनवतं, आणि पोटातले जंतू त्याला फारसे संपवत नाहीत. पण खरा उपाय म्हणजे पिल्लं बाहेर काढणं. एक इंजेक्शन आहे, ते दिलं की दीड-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत विते. दिवस किती झालेत?"

मी अभिमानाने तक्त्याकडे बोट केलं. "एकशे नऊ."

त्या तक्त्यापाशी गेल्या. परत आल्या. बाईसाहेबांच्या कासेवरून हात फिरवला, पोटाखाली दोन्ही तळवे लावून आत काही चाचपलं. मग उभ्या राहिल्या. "काका, एकशे नऊ दिवसांची कास अशी नसते."

भाऊजींनी पाटी उचलून दुसरीकडे ठेवली.

"नीट ऐका. एकशे नऊ असतील, तर पिल्लांची फुप्फुसं तयार नाहीत. बाहेर आली तर जगणार नाहीत, आणि इतक्या लवकर हे इंजेक्शन नीट लागूही पडत नाही. मग मला पोट उघडावं लागेल, पिल्लं सोडून द्यावी लागतील, आणि या अवस्थेत हीसुद्धा टेबलावर टिकेल याची खात्री नाही. पण एकशे चाळीसच्या पुढे असतील, तर आत्ता इंजेक्शन देते, तिघांनाही वाव आहे. मला अंदाज नको, तारीख हवी. चुकली तर कुणीतरी जाईल."

मी भाऊजींकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी एकदा बाईसाहेबांकडे पाहिलं, एकदा टायरवाल्याकडे. टायरवाला बाटली धरून छताकडे बघत उभा होता, जणू छतावर काहीतरी महत्त्वाचं लिहिलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत तीन जीव होते, आणि ती उघडायची म्हणजे गोदामात तीस वर्षं कमावलेली अब्रू पलीकडच्या गोणपाटासमोर सांडायची. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की माझा दीर घाम पुसतोय, तोही थंडीच्या दिवसांत.

"चौतीस दिवस मिळवा," ते म्हणाले.

"काय?" मी म्हटलं.

"तक्त्यात चौतीस मिळवा, डॉक्टर. एकशे त्रेचाळीस होतात. केंद्राचा मेंढा यायच्या चौतीस दिवस आधी." त्यांनी खाकरून घेतलं आणि पुढचं मोठ्याने म्हणाले, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये. "पलीकडचा मेंढा भिंतीवरून आला होता. दुपारी. मी पोचेपर्यंत झालं होतं. मग सतरा दिवसांनी ही माजावर आली नाही, पुढच्या सतरा दिवसांनीही नाही. केंद्राचा मेंढा आला तेव्हा तो हिला हुंगून पुढे गेला. मला तेव्हाच खात्री होती. साहेबांना कळवून बसलो होतो, म्हणून बोललो नाही."

डॉक्टरीणबाईंनी एक शब्द वाया घालवला नाही. "तारीख नक्की?"

"माझ्या डोळ्यांदेखत घडलं. तारीख विसरणं शक्य नाही."

त्यांनी सुई भरली आणि बाईसाहेबांच्या मांडीत इंजेक्शन दिलं. "मला माहीत होतं," टायरवाला म्हणाला. "त्या दिवशी तो घरी आला, तर त्याच्या छातीला मऊ लोकर चिकटली होती. अशी लोकर या गल्लीत एकाच ठिकाणी मिळते. पण म्हटलं, शेजाऱ्याला उगाच कशाला खजील करायचं."

भाऊजींनी त्याच्या हातातली बाटली स्वतःच्या हातात घेतली. त्यांना बोलायचं असावं, पण एका दिवसात माणसाने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

माझी अवस्था मात्र निराळी होती. रागाने मी पुढे झाले. "म्हणजे लाल रेघ चौतीस दिवस उशिरा पडली! नुसत्या वाळक्या चाऱ्यावर दोन पिल्लं वाढवली तिने! एक शब्द सांगितला असतात तर..." टोपीतलं धान्य आठवलं. या माणसाने एका शब्दाऐवजी रोज मूठभर चोरी केली होती, आणि मी ती पकडून पिंपाला कुलूप लावलं होतं. किल्ली अजून कमरेला होती. मी ती काढली आणि भाऊजींच्या हातात दिली. माफी मागायची सवय मला नाही. त्यांना ती ऐकून घ्यायची नाही. ते फक्त म्हणाले, "तक्ता चांगला होता, सिस्टर. सुरुवात चुकली."

पुढचे दोन दिवस गोठ्याचा वॉर्ड झाला. सकाळ-संध्याकाळ प्रॉपिलिन ग्लायकॉल, पिचकारीने, गालाच्या कडेतून, थोडं थोडं. डोकं वर करायचं नाही, नाहीतर औषध छातीत उतरतं. भाऊजी डोकं धरायचे आणि प्रत्येक घोटाला स्वतः घोट गिळायचे. संध्याकाळी साखर एकेचाळीस, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा छत्तीस, म्हणून डॉक्टरीणबाई येऊन परत बाटली लावून गेल्या. बाटली धरायला टायरवाला आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. दुपारी त्रेपन्न. त्याने कुठूनतरी कोवळ्या पाल्याची फांदी आणली होती. बाईसाहेबांनी भाऊजींच्या हातातला चारा नाकारला आणि टायरवाल्याच्या हातचं पान खाल्लं. मला हसू आवरलं नाही. भाऊजींना आवरावं लागलं नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या व्यायल्या. पहिली मादी, बाहेर पडताच ओरडली. दुसरा नर, लहानसा, निपचित. भाऊजींनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, काडीने नाकपुडीत गुदगुल्या केल्या, मी गोणपाटाने अंग चोळत राहिले. खऱ्या गोणपाटाने. आधी काहीच नाही. मग एक शिंक, आणि मग बारीक, चिडका आवाज. बाईसाहेबांना चीक थोडाच उतरला, म्हणून आठवड्यापूर्वी व्यायलेल्या बकरीचा गोठवून ठेवलेला चीक डॉक्टरीणबाईंनी पाठवला होता, तो कोमट करून दोघांना बाटलीने पाजला. संध्याकाळी यंत्राने बाईसाहेबांचा आकडा दाखवला एकसष्ट. त्या उठून उभ्या राहिल्या आणि पाटीत तोंड घातलं. दोन्ही पिल्लांचे केस राठ होते, आणि दोघांच्याही एका डोळ्याभोवती काळा डाग.

मला वाटलं, आता भाऊजी साहेबांना काहीतरी कळवतील. म्हणजे टाळायचं काहीतरी. माणूस एकदा खरं बोलला म्हणजे दुसऱ्यांदा बोलेलच असं नाही, आणि पहिल्यांदा तर तीन जीव पणाला लागले होते म्हणून तो बोलला होता. पण आठव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. अजून महिना आहे ना, ते विचारत होते. "नाही साहेब," भाऊजी म्हणाले, "झाली. या."

साहेब दोघा सोबत्यांना घेऊन आले. तिघेही वाकले. साहेबांनी मादीच्या पाठीवरची चिमूट अंगठा आणि बोटामध्ये धरली, फिरवली, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी नराची चिमूट घेतली. बराच वेळ घेतला. सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होते आणि चहा निवत चालला होता.

"मेंढा कुठला म्हणालात?" साहेबांनी विचारलं. फार सभ्य माणूस.

भाऊजींनी नराला उचलून छातीशी धरलं. "बापावर गेलेत दोघेही," ते म्हणाले. "बाप पलीकडे राहतो. चहा झाला की भेटवतो."